न लिहिलेल्या लेखाचा पृष्ठ क्रमांक

लघुप्रबंध तपासायला आला की मी आधी त्याची शेवटची पाने उघडतो. लिहिणारा कोणत्या ग्रंथालयात बसला, कोणती पुस्तके त्याने खरोखर चाळली आणि कोणती नावे केवळ मार्गदर्शकाला बरे वाटावे म्हणून घातली, याचा बराचसा अंदाज संदर्भसूचीवरून येतो. ही सवय जुनी आहे, पण विद्यार्थी चॅटजीपीटीसारख्या साधनांकडून संदर्भ मागू लागल्यापासून तिला एक वेगळे काम येऊन चिकटले आहे. सूचीतला लेख वाचला गेला की नाही हा प्रश्न आता दुसरा झाला असून, तो लेख मुळात कोणी लिहिला होता का, हा प्रश्न त्याच्या आधी विचारावा लागतो.

एक नोंद उदाहरणादाखल घेतो. लघुप्रबंध गोव्याच्या खाजन शेतीवर होता. खाडीकाठी बांध घालून, मानशीच्या दारांनी भरती-ओहोटीचे पाणी आवरून केली जाणारी ही शेती आणि तिची देखरेख करणाऱ्या गावोगावच्या ग्रामसंस्था, म्हणजे कोमुनिदाद, हा त्याचा विषय. खाजन बांधांची निगा का ढासळली, या विवेचनाला आधार म्हणून एक लेख दिला होता. कोणी ओळखला जाऊ नये म्हणून नोंदीचे तपशील मी थोडे बदलले आहेत आणि लेखकाचे नाव गाळले आहे, कारण तो अभ्यासक खरा आहे आणि गोव्याच्या ग्रामसंस्थांवर त्याने खरोखरच लिहिलेले आहे. उरलेली नोंद अशी: इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली, खंड 47, अंक 14, 14 मार्च 2012, पृष्ठे 1183 ते 1190. लेखाचे शीर्षकही असे की, हा लेख आपल्या वाचनातून कसा सुटला असे वाटून क्षणभर ओशाळायला व्हावे.

ही नोंद तपासायला सुरुवातीला संगणकाचीही गरज नव्हती. हे साप्ताहिक सध्याच्या नावाने 1966 मध्ये सुरू झाले आणि त्याचा पहिला खंडही त्याच वर्षाचा. म्हणून सालातून 1965 वजा केले की खंडाचा क्रमांक मिळतो. 2012 साठी तो 47 येतो. इथपर्यंत नोंद बरोबर आहे. पुढे तारीख. या साप्ताहिकाच्या अंकावर शनिवारची तारीख असते, आणि 14 मार्च 2012 हा बुधवार होता. जानेवारी 2012 चा पहिला शनिवार सात तारखेला आला, तिथून शनिवार मोजत गेले तर चौदावा अंक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पडतो; मार्चच्या मध्यावर तो येणे शक्य नाही. म्हणजे अंक आणि तारीख एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तारीख वारांशीही जुळत नाही. राहिली पृष्ठे. या साप्ताहिकाच्या जुन्या खंडांत वर्षभर सलग पृष्ठांकन असे, त्यामुळे तिथे चार आकडी पृष्ठ क्रमांक अगदी स्वाभाविक दिसतात; पण 2012 मध्ये प्रत्येक अंकाची पाने नव्याने एकपासून मोजली जात होती. पृष्ठ 1183 त्या वर्षीच्या कोणत्याही अंकात असू शकत नव्हते.

नंतर मी साप्ताहिकाच्या संकेतस्थळावर त्या वर्षाच्या मार्च आणि एप्रिलच्या अंकांच्या अनुक्रमणिका पाहिल्या आणि जेस्टोर या शोधनियतकालिकांच्या आंतरजालीय संग्रहात त्या अभ्यासकाच्या नावाने शोध घेतला. त्याचे इतर लेखन मिळाले, हा लेख मात्र कुठेच नव्हता. हा क्रम मी मुद्दाम सांगतो, कारण बहुतेक जण उलटे करतात: शीर्षक गूगलमध्ये टाकतात, काही मिळाले नाही की ‘नेटवर नसेल’ म्हणून सोडून देतात. शीर्षक न सापडणे हा दुबळा पुरावा आहे. अंक, तारीख आणि पृष्ठ यांचे परस्परांशी न जुळणे हा त्याहून कितीतरी भक्कम पुरावा आहे, कारण नियतकालिकाचा खंड, वार आणि पृष्ठांकन यांची स्वतःची शिस्त असते आणि ती कोणाच्या मर्जीने बदलत नाही. मॉडर्न एशियन स्टडीज या केंब्रिजच्या नियतकालिकाचा पहिला खंड 1967 चा आहे, तेव्हा तिथे सालातून 1966 वजा करायचे. आपल्या विषयातल्या चार-पाच प्रमुख नियतकालिकांची ही वजाबाकी प्रत्येक मार्गदर्शकाला तोंडपाठ असायला हरकत नाही.

अशी नोंद तयार कशी होते, हे समजले की तिच्यात नेमके काय बरोबर आणि काय चूक असेल याचा अंदाज बांधता येतो. भाषेची यांत्रिक प्रारूपे, म्हणजे चॅटजीपीटीसारखी साधने ज्यांच्यावर चालतात ती, मजकुराचा पुढचा तुकडा कोणता येण्याची शक्यता जास्त, हे ठरवत लिहितात. संदर्भाच्या नोंदीचा साचा अत्यंत ठाम असतो: आडनाव, साल, शीर्षक, नियतकालिक, खंड, कंसात अंक, पृष्ठे. तो साचा लाखो वेळा पाहिलेला असल्यामुळे तो निर्दोष उतरतो. विषयाशी वारंवार जोडले गेलेले आडनाव खरे निघते, नियतकालिक खरे निघते, साल आणि खंड ही जोडी असंख्य नोंदींत एकत्र आलेली असल्यामुळे तीही अनेकदा जुळते. पण अंक, दिवस आणि पृष्ठ यांना ओढून धरणारे काहीच नसते, म्हणून तिथे नुसतेच शोभेल असे आकडे पडतात. आमच्या नोंदीत खंड तेवढा जुळला आणि बाकी सारे कोसळले, ते याच कारणाने. शोधयंत्राला जोडलेल्या नव्या साधनांत हे प्रमाण कमी होते, कारण तिथे नोंद कुठून तरी उचलली जाते. पण त्यामुळे दुसराच एक दोष पुढे येतो, त्याकडे नंतर येईन.

या दोषाचे मोजमापही झालेले आहे. वॉल्टर्स आणि वाइल्डर या दोन अभ्यासकांनी सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये 2023 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चॅटजीपीटीकडून 42 विषयांवर लघुलेख लिहवून घेतले आणि त्यांतले 636 संदर्भ एकेक करून तपासले. जीपीटी-3.5 ने दिलेल्या संदर्भांपैकी 55 टक्के आणि जीपीटी-4 ने दिलेल्यांपैकी 18 टक्के संदर्भ पूर्णपणे रचलेले निघाले. मला त्यातला दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो: जे संदर्भ खरे होते त्यांतही अनुक्रमे 43 आणि 24 टक्के नोंदींत ठळक चुका होत्या. साधने तेव्हापासून बदलली आहेत, त्यामुळे आजच्या साधनाला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण खरी नोंद आणि खोटी नोंद यांच्यामध्ये अर्धवट खऱ्या नोंदींचा एक मोठा पट्टा असतो, हे निरीक्षण अजून तसेच उभे आहे.

इथे एक सावधगिरी बाळगावी लागते. चुकीची नोंद म्हणजे यंत्राने लिहिलेली नोंद, असे समीकरण मांडणे अन्यायाचे होईल. माणसेही संदर्भ चुकवत आली आहेत, आणि दुसऱ्याच्या सूचीतून न वाचलेले लेख उतरवून घेण्याची परंपरा तर संगणकाहून जुनी आहे. याचे एक मजेशीर उदाहरण आहे. एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठी दिलेल्या मार्गदर्शक नमुन्यात, संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला, फान डेर गेर आणि सहकाऱ्यांचा 2000 सालचा एक लेख नोंदवला होता. खंड 163, पृष्ठे 51 ते 59. असा लेख कधीच अस्तित्वात नव्हता, तो केवळ नमुना होता. पण नमुन्यातली ओळ पुसायला विसरलेल्या लेखकांमुळे तो लेख शेकडो शोधनिबंधांच्या सूचींत जाऊन बसला, आणि 2017 मध्ये अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी त्याची कथा प्रसिद्ध केली तेव्हा त्याच्या नावावर जवळपास 400 उल्लेख जमले होते. यात यंत्राचा काहीही हात नव्हता.

मग फरक कसा ओळखायचा? माणसाच्या चुकीला बहुधा वंश असतो. 1979 चे 1997 होते, अंक 3 चा अंक 8 होतो, दुसऱ्या आवृत्तीचे पृष्ठ पहिल्या आवृत्तीच्या नावावर टाकले जाते, मधल्या कोणा लेखकाने केलेली चूक पुढच्या सगळ्यांकडे जशीच्या तशी उतरते. मूळ नोंद सापडली की चूक कुठे घसरली हे बोट ठेवून दाखवता येते. यंत्राने रचलेल्या नोंदीला असा माग नसतो. तिच्यातला प्रत्येक भाग सुटा घेतला तर खरा किंवा शक्य असतो, पण त्या सर्वांना एकत्र आणणारी मूळ वस्तू कुठेही नसते आणि कोणत्या एका आकड्याची दुरुस्ती करून ती मिळतही नाही. आमच्या नोंदीत तारीख सुधारून पाहिली, अंक सुधारून पाहिला, साल मागेपुढे करून पाहिले. कुठल्याच दुरुस्तीने लेख हाती आला नाही. एका सूचीत अशी एक नोंद असेल तर मी विचारणा करतो. चार-पाच असतील, आणि त्या सगळ्यांचे स्वल्पविराम अन् पूर्णविराम जागच्या जागी असतील, तर माझा संशय पक्का होतो, कारण स्वतःच्या हाताने सूची करणाऱ्या विद्यार्थ्याचे स्वल्पविराम इतके निष्कलंक मी क्वचितच पाहिले आहेत.

फान डेर गेरच्या कथेत आणखी एक धोका दडलेला आहे. गूगल स्कॉलरवर एखाद्या लेखाचे शीर्षक दिसले म्हणजे तो लेख आहे, असे अनेक जण धरून चालतात. स्कॉलर मात्र इतरांच्या संदर्भसूचींतूनही नोंदी उचलतो. मूळ लेख हाती न लागता केवळ उल्लेखातून उचललेल्या नोंदीपुढे `[CITATION]` अशी खूण असते आणि त्या शीर्षकाला दुवा नसतो. एकाने रचलेला संदर्भ दुसऱ्याने न वाचता उतरवून घेतला की तो अशा खुणेसह स्कॉलरमध्ये प्रकट होतो, आणि तिसऱ्याला तो तिथे ‘सापडतो’. ही खूण दिसली की तपास संपला असे न समजता तिथूनच सुरू करावा. अर्थात कितीतरी जुनी, खरीखुरी पुस्तकेही स्कॉलरमध्ये याच खुणेने दिसतात, म्हणून तिचा अर्थ ‘खोटे’ असाही लावू नये.

नोंदीला डीओआय जोडलेला असेल तर काम सोपे होते. डीओआय म्हणजे लेखाला कायमचा दिलेला क्रमांक. तो 10 आणि टिंब यांनी सुरू होतो, मग नोंदणी करणाऱ्या संस्थेचा आकडा, तिरकी रेघ आणि पुढे लेखाची स्वतःची खूण. डीएनएच्या रचनेवरचा 1953 चा प्रसिद्ध लेख नेचरच्या खंड 171 मध्ये पृष्ठ 737 वर आहे आणि त्याचा क्रमांक आहे `10.1038/171737a0`. खंड आणि पृष्ठ क्रमांकातच वाचता येतात. सगळेच क्रमांक असे बोलके नसतात, पण ब्राउझरमध्ये पुढील पद्धतीने टाकले की प्रत्येकाची परीक्षा होते:

```
https://doi.org/10.1038/171737a0
```

इथे दोन प्रकारे गोष्टी बिघडतात. क्रमांक सापडत नाही असे पान येते, तेव्हा आधी शेवटचा चिकटलेला पूर्णविराम, ओळ मोडताना घुसलेली आडवी रेघ, शून्याच्या जागी पडलेले ओ हे अक्षर, एवढे तपासून मगच मत बनवावे. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे: क्रमांक उघडतो, पण समोर येतो तो भलताच लेख, कधी मत्स्यशास्त्रावरचा तर कधी धातूंवरचा. दुवा निळा दिसतो, दाबला की पान उघडते, एवढ्यावर समाधान मानणाऱ्या परीक्षकाच्या डोळ्यांखालून अशी नोंद सहज निसटते. म्हणून पान उघडल्यावर शीर्षक आणि लेखकाचे नाव सूचीशी ताडून पाहणे हीच खरी तपासणी आहे. क्रमांक दिलेला नसेल तर `search.crossref.org` वर पूर्ण शीर्षक टाकावे. तिथे लक्षात ठेवायचे ते एवढेच की ती सेवा जवळात जवळचे निकाल नेहमीच दाखवते. पहिल्या निकालाचे शीर्षक, लेखक आणि साल ही तिन्ही एकत्र जुळली तरच नोंद सापडली असे म्हणावे. दुव्याच्या शेवटी `utm_source=chatgpt.com` अशी शेपटी राहिलेली आढळली तर तो दुवा कुठून आला हे कळते; पण दुवा तिथून आला म्हणजे स्रोत खोटा, असे त्यावरून ठरत नाही.

आतापर्यंतची सगळी साधने इंग्रजी नियतकालिकांच्या जगातली आहेत, आणि गोव्यावर काम करणाऱ्याची खरी अडचण इथूनच सुरू होते. याच लघुप्रबंधाच्या सूचीत आणखी एक नोंद होती: फिलिप नेरी शावियेर यांचे इल्हास, साष्टी आणि बार्देश या प्रांतांतील गावांच्या कोमुनिदादींचा इतिहास सांगणारे 1852 चे पुस्तक, नोव्हा गोवाच्या सरकारी छापखान्यात छापलेले. या नोंदीला डीओआय नाही, आयएसबीएन नाही. विद्यार्थिनीने शीर्षक लिहिताना त्यातल्या एका शब्दाचे स्पेलिंग आजच्या पद्धतीने `comunidades` असे केले होते, तर छापील मुखपृष्ठावर ते जुन्या वळणाचे `communidades` आहे. यंत्रावर संशय घेणाऱ्या घाईच्या परीक्षकाला ही नोंद त्या साप्ताहिकाच्या नोंदीपेक्षा कितीतरी जास्त बनावट वाटली असती. प्रत्यक्षात हे पुस्तक गोव्याच्या ग्रामसंस्थांवरील पायाभूत लेखनांत गणले जाते. तिच्या चुकीला वंश होता: दोन एम ऐवजी एक.

पोर्तुगीज लेखनपद्धती विसाव्या शतकात बदलली, म्हणून जुनी शीर्षके दोन्ही वळणांनी शोधावी लागतात. आडनावांचेही तसेच, एकच माणूस शावियेर, झेवियर किंवा झॅव्हियर होऊन येतो. अशा नोंदींसाठी जगभरच्या ग्रंथालयांची एकत्रित सूची असलेले वर्ल्डकॅट पाहावे, आणि ते पुरले नाही तर पणजीला पाटोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जावे. 1832 साली सुरू झालेल्या या ग्रंथालयात पोर्तुगीज काळातील छापील साहित्याचा जो संग्रह आहे, त्याची बरोबरी कोणताही आंतरजालीय शोध करू शकणार नाही. मराठी वर्तमानपत्रांच्या कात्रणांचे तर शोधयंत्राशी देणेघेणेच नसते. तिथे निराळीच साधी परीक्षा लागते. दैनिक गोमन्तक 1962 मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याच्या 1958 च्या अंकाचा हवाला कोणी दिला तर अंक शोधायला जाण्याचे कारण उरत नाही. थोडक्यात, डेटाबेसमध्ये न सापडणे हा गोव्याच्या इतिहासात खोटेपणाचा पुरावा ठरत नाही, आणि ज्या सूचीतील प्रत्येक नोंद इंग्रजी, अलीकडची आणि डीओआयसह आहे, ती सूची मी अधिक बारकाईने पाहतो.

आता तो मागे ठेवलेला दोष. नोंद खरी असते, पुस्तक खरे असते, पण ज्या विधानाला ते जोडले आहे त्याचा त्या पुस्तकाशी संबंध नसतो. याच लघुप्रबंधात असे एक वाक्य होते की 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांधांच्या दुरुस्तीची जबाबदारी कोणाची हे अस्पष्ट झाले आणि खाजने खाऱ्या पाण्याखाली गेली. वाक्य विचार करण्याजोगे आहे. त्याला आधार म्हणून तेओतोनियो द सौझा यांचा मध्ययुगीन गोव्याच्या सामाजिक-आर्थिक इतिहासावरचा 1979 चा ग्रंथ दिला होता, पृष्ठ क्रमांकाशिवाय. तो ग्रंथ मुख्यतः सतराव्या शतकातल्या गावांविषयी आणि शहराविषयी आहे. 1964 च्या कायद्याचे परिणाम सांगणे हे त्याचे काम नव्हते. कोणताही डीओआय, कोणतीही सूची ही विसंगती पकडून देणार नाही, कारण तपासायला गेलात तर सगळे जागच्या जागी आहे. ती पकडायला ग्रंथ हाताळलेला असावा लागतो, किंवा निदान त्याचा काळ कोणता हे ठाऊक असावे लागते. पृष्ठ क्रमांक नसणे ही मात्र एक उपयुक्त खूण आहे. अख्ख्या ग्रंथाचा हवाला एका नेमक्या विधानाला दिला जातो आणि पान सांगितले जात नाही, तेव्हा ते पान कोणी उघडले नव्हते अशी शक्यता मोठी असते.

विद्यार्थिनीशी मी बोललो तेव्हा यंत्राचा विषय मी काढलाच नाही. ‘हा साप्ताहिकातला लेख तू कुठे वाचलास?’ एवढेच विचारले.

‘सर, लेख नाही मिळाला. नोंद तेवढी मिळाली होती,’ ती म्हणाली.

‘आणि शावियेर?’

‘ते पुस्तक पाटोला बसून पाहिलं, सर. माझ्या वहीत उतारे आहेत.’

वही तिने दाखवली आणि त्या नोंदीचा प्रश्न तिथेच मिटला. माझ्या मते याहून चांगली तपासणी नाही. लेखनाचा मजकूर पाहून तो यंत्राचा की माणसाचा हे टक्क्यांत सांगणाऱ्या साधनांवर मी विसंबत नाही, कारण त्यांचा निकाल कोणालाच पडताळून पाहता येत नाही. संदर्भाचे तसे नाही. लेख आहे की नाही, पानावर ते वाक्य आहे की नाही, हे विद्यार्थिनी, मी आणि तिसरा कोणीही एकाच अंकापुढे बसून ठरवू शकतो. म्हणून अहवालात मी ‘यंत्राने लिहिले’ असे लिहीत नाही. ‘नोंद क्रमांक अमुक: असा लेख त्या अंकात नाही, त्या तारखेचा अंक नाही’ असे लिहितो, आणि पानाचे छायाचित्र किंवा उतारा मागतो.

आठवड्याभराने सुधारित प्रत आली, तिच्या सूचीतून साप्ताहिकाची ती नोंद गेली होती. प्रकरण उघडले तर बांधांची निगा का ढासळली याविषयीचा परिच्छेद शब्दशः तसाच होता, फक्त त्याच्या शेवटचा कंस पुसलेला होता. प्रत मी पुन्हा परत केली. तो परिच्छेद त्या न लिहिलेल्या लेखातूनच आलेला होता. एकतर त्यातल्या प्रत्येक विधानाला कोमुनिदादीच्या दप्तरातला किंवा छापील असा दुसरा आधार शोधायचा, नाहीतर नोंदीबरोबर परिच्छेदही काढायचा, असे समासात लिहिले.